एक गोळी, दोन प्रकारच्या गुठळ्या

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ नुसत्या लोहाच्या. संप्रेरकाच्या प्रत्येक गोळीत दोन द्रव्यं असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. हे दुसरं द्रव्य म्हणजे कारखान्यात बनवलेलं इस्ट्रोजेन. ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. गोळीतलं बाकी सगळं बाजूला काढलं तर ते डोळ्यांना दिसेल की नाही अशी शंका यावी, इतकं थोडं. तरी या गोळ्यांबद्दल डॉक्टर जे प्रश्न विचारतात, ते जवळपास सगळे या ३० मायक्रोग्रॅमपायी असतात.

दुकानात मिळणारी माला-डी याच घटकांची. त्याशिवाय पीसीओएस, चेहऱ्यावरचे मुरूम, अंगावरून फार जाणं, पाळीत असह्य दुखणं यांसाठी जी 'हार्मोनची गोळी' लिहून देतात, तीही बहुधा याच कुळातली असते. फक्त लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या जागी ड्रोस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा सायप्रोटेरोन असतं. विशीतली अविवाहित मुलगी मुरमांसाठी गोळ्या घेते तेव्हा आपण घेतोय ती गर्भनिरोधक गोळी आहे हे तिला ठाऊक नसतं, घरच्यांनाही नसतं. कुटुंबनियोजनासाठी आलेल्या बाईला नर्स निदान रक्तदाब तपासून चार प्रश्न विचारते. मुरमांसाठी आलेल्या मुलीच्या बाबतीत तेवढंही कित्येकदा राहून जातं.

गोळी आणि गुठळी यांचा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तो एका साध्या फॅमिली डॉक्टरच्या. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातले डॉ. जॉर्डन यांनी १९६१ मध्ये 'लॅन्सेट'ला एक पत्र लिहिलं. त्यांच्याकडच्या ४० वर्षांच्या एका नर्सने एंडोमेट्रिओसिससाठी नव्यानेच आलेल्या या गोळ्या घेतल्या होत्या आणि तिच्या फुप्फुसात गुठळी सापडली होती. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं, आजच्या पाचपट. दशक संपता संपता ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नका असं डॉक्टरांना कळवलं. पुढे ते ३५, ३०, २० पर्यंत खाली आलं. धोकाही त्याबरोबर उतरला, पण पुरता गेला नाही.

तो का जात नाही, याचं उत्तर यकृतात आहे. गोळी आतड्यातून शोषली गेली की आधी यकृतात जाते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच बनवतं आणि इस्ट्रोजेन पोचलं की ते त्यांतली काही जास्त बनवू लागतं. त्याच वेळी गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस ही प्रथिनं घटतात. शरीराच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. गरोदरपणातही हेच होतं, कारण बाळंतपणात रक्त लवकर थांबायला हवं. शरीरातलं मूळचं इस्ट्रोजेन यकृत चटकन निकालात काढतं. इथिनिल इस्ट्राडिओल मात्र मोडायला चिवट असतं, म्हणून त्याचा यकृतावरचा अंमल लांबतो. गर्भनिरोधक पॅच कातडीवर लावला तरी त्यात हेच द्रव्य असल्यामुळे सुटका होत नाही, ती यामुळेच.

आता आकडे. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० तरुण स्त्रियांमध्ये वर्षभरात साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्या १०,००० जणींमध्ये पाच ते सात जणींना, आणि ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीवर नऊ ते बारा जणींना. हे युरोपच्या औषध नियामक संस्थेचे अंदाज आहेत. म्हणजे सर्वांत जास्त धोक्याच्या गोळीवरही १०,००० मधल्या ९,९८८ जणींना काही होत नाही. गरोदरपणात हा धोका गोळीपेक्षा जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर कितीतरी पटींनी. 'गोळी म्हणजे विष' असं सांगत सुटणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. मात्र ही सरासरी आहे, आणि सरासरीत जिचा धोका मुळातच मोठा आहे ती बाई झाकली जाते. तिला ओळखायचं तर आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा: गुठळ्या दोन प्रकारच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या बायकांना गाठतात.

पहिली गुठळी शिरेतली, म्हणजे हृदयाकडे परत जाणाऱ्या संथ रक्तातली. ती बहुधा पायात होते आणि तिचा तुकडा सुटला तर फुप्फुसात जाऊन अडकतो. ३१ वर्षांच्या एका शाळाशिक्षिकेचं उदाहरण घेऊ. ही कोणी एक बाई नाही, पण तिच्यासारख्या अनेकजणी डॉक्टरांकडे येतात. वजन जास्त, बीएमआय ३१. अनियमित पाळीसाठी ड्रोस्पिरेनोनची गोळी सुरू केली. सातव्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली. दिवसभर उभं राहून शिकवायचं, त्यामुळे दुखत असेल, असं तिला वाटलं. सासूबाईंनी तेल चोळून दिलं. चार दिवसांनी पाय जड झाला, चप्पल घट्ट बसू लागली आणि एक मजला चढताना धाप लागली.

डॉक्टरांनी आधी काढली ती शिंप्याची टेप. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. तिच्या डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटरने जास्त होता. तीनपेक्षा जास्त फरक असला की गुठळीचा संशय बळावतो. मग डॉपलर सोनोग्राफी. यातली खरी तपासणी अगदी साधी असते: सोनोग्राफीची दांडी पायावर दाबायची. निरोगी शीर दाबली की पडद्यावर चपटी होऊन नाहीशी होते, गुठळी असलेली शीर दबत नाही. तिची मांडीतली शीर दबली नाही. धाप लागत होती म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला, त्यात फुप्फुसाच्या एका फांदीत लहानसा तुकडा दिसला. गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं, ते निदान तीन महिने घ्यायचं. यातून शंभरातल्या एक-दोघी दगावतात, बहुतेकजणी बऱ्या होतात. मात्र इस्ट्रोजेनची गोळी तिला पुन्हा कधीही घेता येणार नाही.

तिच्या गोष्टीत तीन खुणा आधीच होत्या. पहिली, वजन. जाड असण्याने शिरेतल्या गुठळीचा धोका मुळातच दुप्पट किंवा अधिक असतो आणि गोळीने तो आणखी वाढतो. दुसरी, सातवा आठवडा. हा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, वर्षानंतर उतरतो. गोळी चार आठवडे किंवा अधिक थांबवून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा चढतो, म्हणून 'अधूनमधून शरीराला विश्रांती' देण्याची सवय उलट अंगाशी येते. तिसरी खूण कोणी विचारलीच नव्हती: तिच्या आईला ४२व्या वर्षी पायात गुठळी झाली होती. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला ४५च्या आत गुठळी झाली असेल तर रक्ताची जात वारशाने गोठण्याकडे झुकलेली असू शकते. अशा घरातल्या मुलीने ही गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलावं, आणि शक्यतो दुसरा पर्याय घ्यावा. ज्यांना स्वतःला पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांना बाळंत होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत, किंवा ज्यांचं मोठं ऑपरेशन होऊन बरेच दिवस अंथरुणावर पडून राहायचं आहे, त्यांनी ती घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईला तर निदान सहा आठवडे ही गोळी देत नाहीत आणि त्यानंतरही सहा महिन्यांपर्यंत सहसा टाळतात.

दुसरी गुठळी धमनीतली. हृदयाकडून वेगाने येणाऱ्या रक्तात ती होते, आणि तिचे परिणाम म्हणजे हार्ट अॅटॅक आणि मेंदूचा झटका. धमनीतल्या गुठळीला नुसतं दाट रक्त पुरत नाही, आतलं अस्तर खरवडलेलं असावं लागतं. ते काम तंबाखूचा धूर करतो. धुराने अस्तर सुजतं, रक्तातल्या बिंबिका चिकट होतात, आणि त्यातच इस्ट्रोजेनने वाढवलेलं फायब्रिनोजेन येऊन मिळतं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने १९६८ मध्ये गोळी घेणाऱ्या सुमारे २३,००० आणि न घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा ते मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या आणि ३५ च्या पुढच्या बायकांमध्ये दाटलेले दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतली ३५ ची रेघ अशी आली. वय ३५ किंवा अधिक आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी असतील तर इस्ट्रोजेनची गोळी अजिबात नाही. १५ पेक्षा कमी असतील तरी दुसरं काहीच चालत नसेल तेव्हाच. ३५ च्या आत धूम्रपान करणारीला गोळी देता येते, पण तिच्या फाइलवर पस्तिशीचा वाढदिवस ठळक लिहून ठेवावा, असं मला वाटतं. सिगारेट सोडून वर्ष झालं की ब्रिटनमधले निकष पुन्हा परवानगी देतात. आणि माणूस सिगारेटींची संख्या नेहमी कमी करून सांगतो, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. 'पार्टीत एखादी' याचा अर्थ आठवड्याचं पाकीट असा निघू शकतो. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या बायकाही आहेत, आणि बिडीचा हिशेब सिगारेटीसारखाच धरायचा.

मशेरीचं काय? महाराष्ट्रात बायकांचा तंबाखू धुरापेक्षा मशेरी आणि पानातूनच जास्त जातो. निकषांतले आकडे धूम्रपानाचे आहेत, मशेरीसाठी त्यात वेगळी ओळ नाही. पण निकोटीन रक्तदाब चढवतं आणि रक्तदाबाची ओळ तिथे ठसठशीत आहे: १६०/१०० किंवा त्यावर असेल तर गोळी नाही, १४०/९० च्या वर असेल तर शक्यतो नाही. म्हणून मशेरी लावणारीने ते लपवू नये आणि गोळीपूर्वी रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधल्याशिवाय उठू नये. लहानपणी सांधेताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या स्त्रियाही आपल्याकडे कमी नाहीत. झडपांमुळे ठोके अनियमित झाले असतील तर त्यांनाही ही गोळी वर्ज्य आहे.

धमनीच्या गुठळीची सर्वांत चकवणारी खूण मात्र डोळ्यांत असते. अर्धशिशी असलेल्या काहीजणींना डोकं दुखायच्या आधी 'ऑरा' येतो. वाचता वाचता ओळीतलं एखादं अक्षर गायब होतं. तिथे लुकलुकणारा ठिपका दिसतो. काही मिनिटांत तो वाढत जाऊन किल्ल्याच्या तटबंदीसारखी नागमोडी, चकाकणारी कोर होते आणि नजरेच्या एका बाजूला सरकत जाते. डोळे मिटले तरी दिसतेच, कारण ती डोळ्यांत नसून मेंदूत असते. वीस-तीस मिनिटांत, फार तर तासाभरात ती विरते आणि मग डोकं ठणकू लागतं, कधी ठणकतही नाही. काहींना बोटांना मुंग्या येऊन त्या हातावरून चढत ओठांपर्यंत जातात, काहींना शब्द सापडत नाही. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःच्या ऑराची चित्रं काढून हिशेब केला होता: मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. पुढे तशी मंद विद्युत-लाट असल्याचं दिसून आलं.

ऑरा असलेल्या स्त्रियांना मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. त्यात इस्ट्रोजेनची गोळी आली की तो बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या अंदाजानुसार अर्धशिशी नाही आणि गोळीही नाही अशा १ लाख तरुण स्त्रियांत वर्षाला दोन-तीन जणींना झटका येतो. ऑरा आणि गोळी दोन्ही असतील तर सुमारे ३७ जणींना. मूळ अभ्यास जुन्या, जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरचे आहेत, २० मायक्रोग्रॅमच्या गोळीला सरसकट बंदी हा अतिरेक आहे, असं काही मेंदुविकारतज्ज्ञ म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने ऑराला कुठल्याही वयात सर्वांत कडक श्रेणीत ठेवलं आहे. मला ते पटतं. लाखात ३७ ही संख्या लहान आहे, पण तिशीत उजवा हात आणि बोलणं गेलं तर ते पुरतं परत मिळेलच असं नाही, आणि हा धोका ज्यांत नाही अशा गर्भनिरोधनाच्या पद्धती सहज उपलब्ध आहेत.

प्रश्न असा की ऑरा आहे हे कळायचं कसं. दवाखान्यातला संवाद बहुधा असा होतो:

"डोकं दुखतं का कधी?"

"दुखतं ना. पित्ताचं आहे. उन्हातून आलं, जागरण झालं की उठतं. उलटी झाली की बरं वाटतं."

डॉक्टर मान डोलावतात आणि चिठ्ठी लिहितात. उलटी, ऊन, जागरण, अर्धं डोकं: हे सगळं अर्धशिशीचं वर्णन आहे, पण आपल्या घरांमध्ये तिची नोंद पित्त म्हणूनच होते. पुढचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो.

"डोकं दुखायच्या आधी, अर्धा तास वगैरे, डोळ्यांपुढे काही चमकतं का? अक्षरं पुसल्यासारखी होतात का?"

"हो, तसं होतं कधी कधी. वाकडीतिकडी रेघ दिसते, हलते. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

हवं ते उत्तर इथे मिळालं. डोकं दुखत असताना उजेड नकोसा होणं, धूसर दिसणं, पटकन उठल्यावर अंधारी येणं हा ऑरा नाही. ऑरा हळूहळू पसरतो, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो आणि बहुधा एका बाजूला असतो. उलट एका क्षणात हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर ऑरा समजून वाट बघू नये, तो झटका असू शकतो. साध्या अर्धशिशीवर, म्हणजे ऑरा नसताना, ३५ च्या आत गोळी सुरू करता येते. पण गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदाच ऑरा आला, तर पाकीट संपायची वाट न पाहता ती थांबवायची आणि डॉक्टरांना गाठायचं.

ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी तांबी आहे, हार्मोनची तांबी आहे, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या रोजच्या गोळ्या आहेत. सरकारी केंद्रांत 'छाया' मिळते. ती लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली, संप्रेरक नसलेली गोळी आहे: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गोळीतही इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे ऑरा असलेलीला ती घेता येते.

एका गोळीबद्दल मात्र सावध असायला हवं, कारण ती आपल्याकडे गणपतीत, लग्नसराईत आणि देवदर्शनाच्या आधी सर्रास आणली जाते. पाळी पुढे ढकलण्यासाठीच्या गोळीत बहुधा नॉरइथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. पाकिटावर इस्ट्रोजेनचा उल्लेख नसतो. पण शरीर या औषधाच्या थोड्या भागाचं इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये रूपांतर करतं, आणि दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकं भरतं. म्हणजे पूर्वी गुठळी झालेली, ऑरा असलेली किंवा पस्तिशीपुढे सिगारेट ओढणारी बाई बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस नकळत तीच गोळी घेत असते. अशा बाईला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन देता येतं, त्याचं असं रूपांतर होत नाही. पण ते निवडायला आधी डॉक्टरांना तिची माहिती हवी, आणि गोळी भावाकरवी दुकानातून मागवली की ती माहिती कोणालाच मिळत नाही.

माहिती न मिळण्याची दुसरी जागा म्हणजे कॅज्युअल्टी. पंचविशीतली मुलगी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं म्हणून येते. ईसीजी जवळपास ठीक येतो, 'टेन्शन आहे का काही?' असं विचारून तिला घरी पाठवलं जाण्याची शक्यता चांगलीच असते. 'कुठली औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला ती 'नाही' म्हणते. मुरमांची गोळी तिला औषध वाटत नाही, आणि शेजारी वडील किंवा सासू उभी असेल तर वाटली तरी ती बोलत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी सोबतच्या माणसांना दोन मिनिटं बाहेर बसवून पुन्हा विचारावं. आणि एका पायाला सूज, अचानक लागलेली धाप किंवा खोकल्यातून रक्त असं काही घेऊन आलेल्या मुलीने, कोणी विचारलं नाही तरी, पर्समधलं पाकीट काढून टेबलावर ठेवावं.